चढता सूर एक की दोन?

‘आलास’ हा शब्द आवाज वर नेत म्हटला की प्रश्न होतो, खाली आणत म्हटला की साधं विधान होतं आणि मधे एक हेलकावा दिला की टोमणाही होतो. पण आवाज कसाही फिरवला तरी ‘आलास’ म्हणजे येणंच. आवाज चढवला म्हणून त्याचा अर्थ ‘पळालास’ किंवा ‘जेवलास’ होत नाही. मराठीत आवाजाची उंची वाक्याचा भाव बदलते, शब्द बदलत नाही.

चीन, आग्नेय आशिया, सहाराच्या दक्षिणेकडचा आफ्रिका आणि मेक्सिकोचा काही भाग इथल्या कितीतरी भाषांत मात्र शब्दच बदलतो. आपल्या देशातही मिझो, बोडो, मणिपुरी या भाषा तशा आहेत. पंजाबी तर आपल्या अगदी नात्यातली. आपला ‘घोडा’ पंजाबीत ‘कोड़ा’च्या जवळ ऐकू येतो, पण त्याच्या पहिल्या अक्षरावर आवाज खाली दबलेला असतो. तोच शब्द सपाट आवाजात म्हटला तर चाबूक आणि वरच्या आवाजात म्हटला तर कोड झालेला माणूस. जुन्या ‘घ’मधला घोषही गेला आणि महाप्राणही गेला, आणि त्यांच्या जागी आवाजाची खालची पातळी राहिली. गुरुमुखीत तिथे आजही ‘घ’च लिहितात.

शब्दाला असा जो आवाजाचा ठरलेला आकार असतो त्याला या लेखात मी ‘सूर’ म्हणणार आहे. भाषाशास्त्रात त्याला टोन म्हणतात. आणि ‘अक्षर’ म्हणजे लिहिलेलं चिन्ह नव्हे, तर एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. ‘घोडा’त असे दोन आहेत.

या भाषांचे ढोबळ दोन गट केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडले आणि आजही तीच नावं चालतात. काही भाषांत महत्त्वाची असते ती पातळी. आवाज वर आहे, मधे आहे की खाली, एवढंच बघायचं. हे रजिस्टर टोन, म्हणजे पातळीचे सूर. दुसऱ्या काही भाषांत महत्त्वाची असते ती हालचाल. आवाज चढला, उतरला की खाली जाऊन परत वर आला, हे बघायचं. हे कंटूर टोन, म्हणजे वळणाचे सूर. गाण्याच्या भाषेत बोलायचं तर पातळीचे सूर म्हणजे पेटीच्या पट्ट्या आणि वळणाचे सूर म्हणजे गळ्यातली मींड.

इथवर सगळं सोपं आहे. मला ज्या प्रश्नात खरा रस आहे तो याच्या पुढचा. ‘चढता सूर’ ही बोलणाऱ्याच्या डोक्यात एक अखंड वस्तू असते, की खालचा आणि वरचा असे दोन सूर एकाच अक्षरावर दाटीवाटीने बसलेले असतात? नुसतं ऐकून हे कळत नाही, कारण दोन्ही तऱ्हांनी आवाज चढलेलाच ऐकू येतो. यंत्रावर आलेख काढला तरी रेषा तिरकीच दिसते. हे कळतं ते शब्दाला शब्द जोडला जातो तेव्हा. जोडताना सूर मोडतो का, सरकतो का, की सबंधच्या सबंध बदलतो, ते पाहावं लागतं. सूर शेजारच्या सुरामुळे किंवा शब्दातल्या जागेमुळे असा बदलतो, त्याला सूरसंधी म्हणतात.

पातळी म्हणजे नेमकं काय

नायजेरियातली योरुबा ही पातळीच्या सुरांची भाषा. तिच्यात वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर आहेत. ‘ऑकॉ’ हा एकच उच्चार घ्या. दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर नवरा. पहिलं मधल्या आणि दुसरं वरच्या सुरात म्हटलं तर कुदळ. मधला आणि मग खालचा, तर वाहन. दोन्ही खालचे, तर भाला. रोमन लिपीतल्या योरुबात हे सूर अक्षरांवरच्या तिरक्या रेघांनी दाखवतात. रेघा गाळून लिहिलं की वाचणाऱ्याला संदर्भावरून नवरा की कुदळ ते ठरवावं लागतं.

वरचा म्हणजे किती वरचा? ठराविक उंची अशी काही नसते. जाड्या आवाजाच्या पुरुषाचा वरचा सूर लहान मुलाच्या खालच्या सुरापेक्षाही खाली असतो, तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कारण तुलना त्याच माणसाच्या बोलण्यातल्या आजूबाजूच्या अक्षरांशी होते. शिवाय पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भाषांत वाक्य पुढे जाईल तसा सगळा आवाजच पायरीपायरीने खाली उतरत जातो. वरचा, खालचा, वरचा असे तीन सूर आले तर तिसरा पहिल्याइतका वर पोचत नाही. लांब वाक्याच्या शेवटचा ‘वरचा’ सूर सुरुवातीच्या ‘खालच्या’ इतका खाली आलेला असू शकतो. म्हणून ध्वनिमुद्रणातून एकच शब्द कापून ऐकला आणि सूर ओळखायचा प्रयत्न केला तर हमखास चुकायला होतं.

आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. योरुबात स्वप्नाला ‘आला’ म्हणतात. पहिलं अक्षर खालच्या सुराचं आणि दुसरं वरच्या. पण प्रत्यक्ष उच्चारात दुसऱ्या अक्षरावर आवाज एकदम वर न जाता खालून चढत जातो. पहिल्या अक्षराचा खालचा सूर दुसऱ्यात थोडा सांडतो. म्हणजे भाषेत फक्त पातळ्या असल्या तरी कानावर वळणं येतात, आणि ऐकू आलेल्या प्रत्येक चढाला ‘वळणाचा सूर’ म्हणून मोजता येत नाही.

घुबडावरचा सूर

एक की दोन, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वात स्वच्छ उत्तर सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेत सापडतं. मेंडेत एका अक्षराचे हे चार शब्द आहेत. ‘कॉ’ म्हणजे युद्ध, सूर वरचा. ‘क्पा’ म्हणजे कर्ज, सूर खालचा. ‘म्बू’ म्हणजे घुबड, सूर उतरता. ‘म्बा’ म्हणजे तांदूळ, सूर चढता. दोन सपाट आणि दोन वळणाचे.

आता मेंडेत ‘मा’ असा एक प्रत्यय आहे. आपल्या ‘वर’सारखाच तो नावाला मागून लागतो. युद्धावर, कर्जावर, घुबडावर, तांदळावर. तो लावून बघू.

‘कॉमा’मध्ये दोन्ही अक्षरं वर. ‘क्पामा’मध्ये दोन्ही खाली. यावरून एवढंच दिसतं की ‘मा’ला स्वतःचा सूर नाही, तो मागच्या अक्षराचा घेतो. आता घुबड. एकटं असताना त्याचा सूर उतरता होता. ‘म्बूमा’मध्ये मात्र ‘म्बू’ सपाट वर राहतो आणि ‘मा’ सपाट खाली येतो. उतार नाहीसा झाला. तांदळाचंही तसंच. ‘म्बामा’मध्ये ‘म्बा’ खाली आणि ‘मा’ वर, चढ कुठेच उरला नाही.

उतरता सूर ही एक अखंड वस्तू असती तर ती ‘म्बू’वर तशीच राहिली असती, किंवा ‘मा’वर तिची अख्खी नक्कल झाली असती. तसं झालं नाही. ती बरोबर मधे दुभंगली आणि तिचे दोन भाग दोन अक्षरांवर जाऊन बसले. म्हणजे घुबडाच्या शब्दात आधीपासूनच दोन सूर होते, एक वरचा आणि एक खालचा. अक्षर एकच असल्यामुळे त्यांना एकावर दाटी करून बसावं लागत होतं आणि त्या दाटीलाच आपण उतार म्हणत होतो. जागा मिळताच ते सुटे झाले.

मेंडेतले दोन अक्षरांचे साधे शब्द बघितले तरी हेच साचे दिसतात. ‘पेले’ म्हणजे घर, वर-वर. ‘बेले’ म्हणजे विजार, खाली-खाली. ‘केन्या’ म्हणजे काका किंवा मामा, वर-खाली. ‘निका’ म्हणजे गाय, खाली-वर. काका आणि घुबड यांचा सुरांचा साचा एकच आहे, फक्त काकाकडे तो पसरायला दोन अक्षरं आहेत. विल्यम लेबेन यांनी १९७३ मध्ये हे निरीक्षण मांडलं. त्यानंतर तीन वर्षांनी जॉन गोल्डस्मिथ यांनी त्यावर एक मोठी कल्पना उभी केली, ती अशी की सूर आणि अक्षरं बोलणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या ओळींत असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा सरकू शकतात. मेंडेत या साच्यांत न बसणारे शब्दही आहेत, हे पुढे इतरांनी दाखवून दिलं, त्यामुळे भाषेतला प्रत्येक शब्द चार-पाच साच्यांत कोंबता येत नाही. पण घुबड आणि तांदळाच्या पुराव्याला त्यामुळे धक्का लागत नाही.

हे वाचताना मला दर वेळी पाणिनी आठवतो. वैदिक संस्कृतात शब्दागणिक वेगवेगळे सूर नव्हते. बहुतेक शब्दांत एकच अक्षर उदात्त, म्हणजे वरच्या सुराचं, असायचं. म्हणून ती योरुबाच्या जातीची भाषा नव्हे. पण तिथेही उदात्त, अनुदात्त आणि स्वरित होतेच. अष्टाध्यायीत ‘उच्चैरुदात्तः’, ‘नीचैरनुदात्तः’ या सूत्रांनंतर लगेच ‘समाहारः स्वरितः’ येतं. स्वरित म्हणजे आधीच्या दोघांचा समाहार, स्वतंत्र तिसरी वस्तू नव्हे. आणि पाणिनी तिथे थांबत नाही. पुढचंच सूत्र सांगतं की स्वरिताच्या सुरुवातीचा अर्ध्या ऱ्हस्वाइतका भाग उदात्त असतो. उतरत्या सुराची फोड करून कुठला तुकडा किती लांब, तेही त्याने लिहून ठेवलं आहे. आठव्या अध्यायात तर ‘उदात्तादनुदात्तस्य स्वरितः’ असा नियम आहे, म्हणजे उदात्तानंतर येणारा अनुदात्त स्वरित होतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच शब्दांत, ‘अग्निमीळे’मध्ये, ‘ग्नि’ उदात्त आहे आणि म्हणून त्याच्या पुढच्या ‘मी’च्या डोक्यावर स्वरिताची उभी रेघ आहे. वरचा सूर पुढच्या अक्षरात सांडतो आणि तिथे उतार तयार होतो. योरुबाच्या स्वप्नात खालचा सूर सांडून चढ तयार झाला होता, ही त्याचीच उलटी बाजू.

चिनी घोड्याची गोष्ट

आता वळणाच्या सुरांकडे. १९३० मध्ये युआन-रेन चाओ या चिनी भाषाशास्त्रज्ञाने एक सोपी मोजपट्टी दिली. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या पल्ल्याचे पाच टप्पे करायचे, १ सर्वात खाली आणि ५ सर्वात वर, आणि सूर जिथून निघतो, वळतो आणि संपतो ते आकडे लिहायचे. मँडरिन चिनीचे चार सूर त्या पट्टीवर ५५, ३५, २१४ आणि ५१ असे येतात. ‘मा’ हे अक्षर ५५ मध्ये आई, ३५ मध्ये धाग्यासाठी लावतात ते ताग-अंबाडीसारखं झाड, २१४ मध्ये घोडा आणि ५१ मध्ये शिव्या देणं. पहिला सपाट, बाकीचे तिन्ही वळणाचे.

सर्वात गाजलेली सूरसंधी या तिसऱ्या सुराची, २१४ ची. नियम असा की तिसऱ्या सुराची दोन अक्षरं लागोपाठ आली तर पहिल्याचा सूर ३५ होतो. ‘नी हाओ’ हा नमस्कार सगळ्यांना माहीत असतो. ‘नी’ही २१४ आणि ‘हाओ’ही २१४, पण म्हणताना ‘नी’ ३५ मध्ये जातो. रोमन लिपीत मात्र मूळ सूरच लिहितात, त्यामुळे पुस्तकावरून शिकणारा दोन्ही अक्षरं खाली ओढत म्हणतो आणि ते लगेच खटकतं.

‘माय मा’ म्हणजे घोडा विकत घेणं, त्यात दोन्ही अक्षरं तिसऱ्या सुराची. याच्याच जवळ दुसरं एक ‘माय मा’ आहे, घोडा पुरणं, त्यात पहिलं अक्षर मुळातच ३५ आहे. संधी झाल्यावर घेणं आणि पुरणं सारखंच ऐकू यायला हवं. खरंच येतं का? विल्यम वांग आणि कुंग-पू ली यांनी अशा जोड्या मातृभाषिकांना ऐकवल्या आणि १९६७ मध्ये निष्कर्ष छापला. ऐकणाऱ्यांची उत्तरं साधारण निम्म्याच वेळा बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून सांगावं तितकीच. नंतरच्या यंत्रांनी मोजल्यावर संधीतून आलेला ३५ अस्सल ३५ पेक्षा किंचित खाली असल्याचं आढळलं, पण तो फरक कानाला पकडता येत नाही.

इथे मेंडेपेक्षा काय वेगळं घडलं ते पाहा. २१४ चे तुकडे होऊन ते शेजारच्या अक्षरावर गेले नाहीत. एक अख्खा सूर गेला आणि त्याच्या जागी दुसरा अख्खा सूर आला. वळण ही एक अखंड वस्तू आहे असं मानणाऱ्यांना हे सोयीचं वाटतं.

पण २१४ हा पूर्ण आकार ऐकू येतो तो मुख्यतः शब्द एकटा म्हटला किंवा वाक्याच्या शेवटी आला तरच. मधे कुठेही, पुढे दुसऱ्या कुठल्याही सुराचं अक्षर असेल तर, तो नुसता २१ राहतो. शेवटचा चढ गळून पडतो. त्यामुळे कित्येक अभ्यासक म्हणतात की तिसरा सूर मुळात ‘खालचा’ आहे आणि शेवटचा चढ ही त्याला मोकळी जागा मिळाल्यावर येणारी शेपटी. तसं मानलं तर संधीचं कारणही समजतं. दोन खालचे सूर लागोपाठ आले की भाषा त्यातला एक वर ढकलते. एकसारखे दोन शेजारी तिला चालत नाहीत.

तीन किंवा जास्त अक्षरं तिसऱ्या सुराची असली की मजा येते, कारण तिथे नियम व्याकरणाची वीण बघून चालतो. ‘कागदी वाघ’ हा चिनी राजकारणातला गाजलेला शब्द ‘झ्र लाओ हू’ असा आहे. ‘लाओ हू’ म्हणजे वाघ आणि ‘झ्र’ म्हणजे कागद, तिन्ही अक्षरं २१४. आधी आतली जोडी बघायची. ‘लाओ हू’ एकत्र, म्हणून ‘लाओ’ ३५ झाला. आता ‘झ्र’च्या पुढे ३५ आहे, दुसरा खालचा सूर नाही, म्हणून ‘झ्र’ला बदलायचं कारण उरलं नाही. तो २१ राहतो. उच्चार २१, ३५, २१४. याउलट प्रदर्शनाच्या इमारतीला ‘झान लान ग्वान’ म्हणतात. इथे ‘झान लान’ म्हणजे प्रदर्शन ही आतली जोडी आहे आणि ‘ग्वान’ म्हणजे इमारत बाहेरून लागली आहे. आधी ‘झान’ ३५ होतो. मग ‘लान’च्या पुढे ‘ग्वान’ येतो, दोघेही खालचे, म्हणून ‘लान’ही ३५ होतो. उच्चार ३५, ३५, २१४. दोन्हीकडे तीन अक्षरं, मूळ सूरही तेच, पण कोण कोणाशी आधी जोडलं गेलं यावर आवाज बदलला.

पाच अक्षरांचं ‘लाओ ली माय हाओ ज्यू’ हे वाक्य अभ्यासकांच्या आवडीचं आहे. ओळखीतले थोरले ली चांगली दारू विकत घेतात. पाचही अक्षरं २१४. सावकाश बोलताना ‘लाओ ली’नंतर किंचित थांबलं तर ‘ली’चा खालचा सूर टिकतो आणि पुढे ‘माय’ खाली, ‘हाओ’ ३५, ‘ज्यू’ २१४ असं येतं. न थांबता म्हटलं तर ‘ली’ला ‘माय’चा शेजार लागतो आणि तोही ३५ होतो. घाईघाईत म्हटलं तर शेवटचं सोडून चारही अक्षरं ३५ होतात. तिन्ही उच्चार चालतात. कुठे थांबलात आणि किती भरभर बोललात हेही नियमाचाच भाग आहे.

जिथे सोयीचं कारण सापडत नाही

मँडरिनच्या या नियमाला निदान काहीतरी उच्चाराचं कारण देता येतं. तैवानी, म्हणजे दक्षिण फुजियानमधून तैवानला गेलेली होक्क्येन बोली, तिथे तेही हाती लागत नाही. तिच्यात शब्दगटाचं फक्त शेवटचं अक्षर स्वतःचा सूर राखतं, आधीच्या प्रत्येकाला बदलावंच लागतं, शेजारी कोणीही असो. बदल असा. ५५ असेल तर ३३ होतो. ३३ चा २१. २१ चा ५१. आणि ५१ चा परत ५५. चक्र पूर्ण. उच्चार सोपा करायला हा बदल होतो म्हणावं, तर एका ठिकाणी ज्या सुराला नाकारलं तोच सूर पुढच्या घरात दुसऱ्याच्या जागी घेतला जातो. ३३ अवघड म्हणून २१ केला असं म्हणावं, तर ५५ चा ३३ का केला?

या चक्राची परीक्षा घ्यायला १९७० च्या सुमारास एक साधा प्रयोग झाला. तैवानी बोलणाऱ्यांना भाषेत नसलेले, बनवलेले शब्द दिले आणि ते जोडशब्दात वापरायला सांगितले. रोजचे शब्द अचूक बदलणारी ही माणसं नव्या शब्दांना तोच नियम लावताना वारंवार अडखळली. त्यावरून असा अंदाज बांधला गेला की प्रत्येक शब्दाची शेवटची आणि मधली अशी दोन्ही रूपं तोंडपाठ असतात आणि चक्र हे अभ्यासकाने वरून पाहिलेलं चित्र आहे. मँडरिनचा तिसऱ्या सुराचा नियम मात्र लोक बनावट शब्दांनाही बऱ्यापैकी सहज लावतात. सूरसंधी हे एकच नाव असलं तरी मनात त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी चालत असाव्यात, असं मला यावरून पटतं.

मग चीनमधली वळणं अखंड आहेत का

बरीच वर्षं अशी वाटणी सांगितली जायची की आफ्रिकेतली वळणं जोडून बनलेली असतात आणि चीनमधली अखंड. शांघायची बोली या वाटणीत बसत नाही. शांघायमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर राजा असतं. त्याचा सूर सगळ्या शब्दावर पसरतो आणि बाकीच्यांचे सूर पुसले जातात. विमानाला तिथे ‘फी ची’ म्हणतात. दोन्ही अक्षरं सुटी म्हटली तर ५३, म्हणजे उतरती. जोडून म्हटलं की ‘फी’ ५५ आणि ‘ची’ २१, एक वर आणि एक खाली. उतार पहिल्यावरून सुटला आणि दोघांत वाटला गेला. चढत्या सुराने सुरू होणाऱ्या शब्दांत तसंच पहिलं अक्षर खाली आणि दुसरं वर. हे मेंडेचं घुबडच झालं, हजारो मैल दूर.

याच्या उलट शान्शी प्रांतातल्या चांगझ्रच्या बोलीत नामांना लागणारा एक छोटा प्रत्यय आहे आणि तो मागच्या शब्दाचं वळण अख्खंच्या अख्खं उचलतो. मूळ शब्द २१३ असेल तर प्रत्ययही २१३. खाली जाऊन वर येण्याची ती हालचाल दोनदा ऐकू येते, वाटून घेतली जात नाही. अखंड वळणाच्या बाजूने सर्वात जास्त वेळा हाच पुरावा दिला जातो. विरोधकांचं म्हणणं असं की एका प्रत्ययापुरती झालेली ही नक्कल आहे आणि नक्कल तर तुकड्या-तुकड्यांची ओळ करूनही होऊ शकते.

सान द्वानमू यांनी १९९० नंतर या वादाला एक वेगळं वळण दिलं आणि मला ते सर्वात पटतं. त्यांनी विचारलं, अक्षर लांब किती आहे? मँडरिनचं पूर्ण अक्षर लांब असतं, त्यात दोन सूर आरामात मावतात, म्हणून ते मोडण्याची वेळ येत नाही आणि वळण अखंड असल्याचा भास होतो. शांघायचं अक्षर आखूड. त्यात दोन मावत नाहीत, म्हणून एक शेजारी जातो. थायी भाषेतही हाच कल आहे, आखूड आणि ‘प’, ‘त’, ‘क’ यांवर एकदम तुटणाऱ्या अक्षरांवर वळणाचे सूर फारसे येत नाहीत, लांब अक्षरांवर येतात.

हे खरं असेल तर मँडरिनमध्येही जिथे अक्षर आखूड होतं तिथे काहीतरी दिसायला हवं. तशी जागा आहे. मँडरिनमध्ये काही अक्षरं अशी असतात की त्यांचा स्वतःचा सूर गळालेला असतो आणि ती झटकन, हलक्याने म्हटली जातात. त्यांची उंची मागच्या अक्षरावरून ठरते. थोरल्या बहिणीला ‘च्ये च्ये’ म्हणतात. पहिलं अक्षर तिसऱ्या सुराचं आणि दुसरं तसं सूर गळालेलं. चाओंनी या जोडीची मापं दिली ती अशी की पहिलं २१ आणि दुसरं ४. पहिलं अक्षर खाली जाऊन तिथेच थांबतं आणि त्याचा उरलेला चढ बहिणीच्या दुसऱ्या अक्षरावर ऐकू येतो. दुसऱ्या सुरानंतर मात्र असं होत नाही. ३५ पूर्ण चढतो आणि पुढचं हलकं अक्षर ३ वर येऊन पडतं, ५ वर राहत नाही. म्हणजे २१४ ची शेपटी सुटी होते आणि ३५ चा चढ होत नाही. एकाच भाषेतले दोन चढ इतके वेगळे का वागतात, यावर मतं अजून विभागलेली आहेत.